विटलेला फोटो आधी पुन्हा स्कॅन करा
विटलेल्या फोटोची दुरुस्ती स्कॅनरवरच सुरू व्हावी. कृष्णधवल फोटो फिकटला की काळा आणि पांढरा दोन्ही करडे होतात; ८-बिट जेपीजीतल्या २५६ छटांपैकी समजा ९० ते १९० एवढ्याच उरतात. त्या ताणून पसरल्या की मध्ये फटी पडतात, गालावर पट्टे उमटतात. १६-बिट टिफमध्ये त्याच टप्प्यात हजारो छटा मावतात, म्हणून गालाची गोलाई सलग राहते. मूळ फोटोतच तपशील नसेल तर याचा काय उपयोग, असं कुणी म्हणेल. उडालेला तपशील परत येत नाही हे खरंच, पण उरलेला तरी तुटत नाही. घडीची रेघ त्यानंतर, वेगळ्या लेयरवर, शेजारचाच पोत घेऊन बुजवावी. ती डोळ्यावरून गेली असली तरी दुसरा डोळा उलटवून चिकटवू नये, चेहरा परका दिसू लागतो.