१९२९ ची पायरी

मंदीत घसरलेले उत्पादन पुन्हा जुन्या वाटेवर येते, की घसरण कायमची राहते? ‘युनिट रूट’ चाचणी हेच तपासते. १९८२ मध्ये नेल्सन आणि प्लॉसर यांनी अमेरिकेच्या १४ आर्थिक मालिका तपासल्या. बेरोजगारी सोडता एकीतही युनिट रूट नाकारता आला नाही, म्हणजे धक्के कायमचे वाटले.

१९८९ मध्ये पिएर पेरॉन यांनी शंका काढली: १९२९ च्या महामंदीत कलरेषाच खाली सरकली असेल तर? साधी चाचणी सगळ्या वर्षांतून एकच सरळ रेषा ओढते. मग मंदीच्या तोंडावरची वर्षे सलग रेषेच्या वर, नंतरची सलग खाली राहतात. रेषेकडे लवकर न परतणारे हे अंतर चाचणीला कायमच्या धक्क्यासारखेच दिसते. मालिका कलाभोवती स्थिर असली, तरी युनिट रूट नाकारण्याची तिची ताकद जाते. पेरॉन यांनी ती पायरी समीकरणातच धरली आणि ११ मालिकांत युनिट रूट नाकारला.

पण वर्ष आकडे पाहून निवडले होते, हा आक्षेप रास्तच. १९९२ मध्ये झिवॉट आणि अँड्र्यूज यांनी ते वर्ष गणितालाच शोधू दिले. शोधाशोधीत योगायोगानेही टोकाचे उत्तर सापडते, म्हणून ५ टक्के पातळीचा निकष साध्या चाचणीच्या −३.४१ वरून −४.८० वर गेला. पेरॉन यांचे काही निकाल त्यापुढे टिकले नाहीत.