मोबाईलवर ताल बसवताना आवाज मागे का पडतो?

आमच्या ओळखीतल्या एका घरातली गोष्ट. दहावीतला मुलगा जेवणाच्या टेबलावर सतत बोटांनी ताल धरायचा. अम्मीच्या जुन्या मोबाईलवर त्याने ताल तयार केला, त्यावर स्वतः गायलेली हम्द रेकॉर्ड केली आणि ऐकल्यावर फोन बाजूला ठेवला. आवाज प्रत्येक ओळीत तालाच्या मागे पडत होता. "मला तालच कळत नाही," असं त्याने ठरवून टाकलं. दोष मात्र त्याचा नव्हता, कानातल्या ब्लूटूथ इअरफोनचा होता. तो कसा ओळखायचा ते पुढे पाहू. आधी ताल कसा बसवायचा ते बघू.

अॅप निवडताना एकच गोष्ट पाहा. काही अॅपमध्ये रंगीत बटणं असतात. एक दाबलं की तयार ढोल वाजतो, दुसरं दाबलं की तयार धून. दोन दिवस मजा येते, पण ताल दुसऱ्या कुणीतरी आधीच बसवलेला असतो. मुलाला काही शिकायचं असेल, तर प्रत्येक ठोका त्याने स्वतः ठेवायचा असं अॅप हवं. आयफोन असेल तर 'गॅरेजबँड' मोफत मिळतं. त्यात ड्रम्सच्या विभागात 'Beat Sequencer' आहे. अँड्रॉइडवर 'बँडलॅब' मोफत वापरता येतं. त्यात नवा ट्रॅक घेताना 'Drum Machine' निवडायचं. सुरुवातीला पैसे भरून काही घ्यायची गरज नाही.

दोन्हीकडे पडद्यावर चौकोनांच्या आडव्या रांगा दिसतात. प्रत्येक रांग एका आवाजाची असते आणि एका रांगेत सोळा चौकोन असतात. ज्या चौकोनावर बोट ठेवाल, तिथे तो आवाज वाजतो. सोळा चौकोन संपले की पट्टी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. स्वरलिपी यायची गरज नाही, मोजता आलं की झालं.

आता एक खरा ताल बसवू. अरबी संगीतात 'मक्सूम' नावाचा ताल फार चालतो. आपल्या केरव्यासारखाच तोही आठ मात्रांचा आहे, म्हणून सोळा चौकोनांत एका मात्रेला दोन चौकोन येतात. दफवर दोन मुख्य आवाज निघतात. एक जाड 'दुम' आणि एक पातळ 'तक'. अॅपमध्ये दफ नसेल तर 'Kick'ला दुम समजा आणि 'Snare'ला तक.

वेग, म्हणजे टेम्पो, ९० ठेवा. दुमच्या रांगेत १ आणि ९ हे चौकोन भरा. तकच्या रांगेत ३, ७ आणि १३ भरा. पाचच ठोके, बस. प्ले दाबा. तोंडाने म्हणून बघा: दुम तक, मग एक मात्रा रिकामी, मग तक दुम, पुन्हा एक रिकामी, मग तक, आणि शेवटची रिकामी. आता ३ नंबरचा तक काढून तिथे दुम ठेवा. एकच ठोका बदलला, पण चाल लगेच जड वाटू लागते. हा 'बलदी' नावाचा वेगळा ताल झाला. रिकामे चौकोनही तालाचाच भाग आहेत, हे मुलाला इथे आपोआप कळतं. नवखी मुलं नेमकी इथेच चुकतात. सगळे चौकोन भरून टाकतात आणि मग नुसता गोंगाट ऐकू येतो.

आता त्या मागे पडणाऱ्या आवाजाकडे येऊ. टेम्पो ९० म्हणजे मिनिटाला ९० ठेके. एका ठेक्यात चार चौकोन येतात, म्हणजे एक चौकोन साधारण ०.१७ सेकंदाचा. ब्लूटूथ इअरफोनमध्ये फोनचा आवाज कानापर्यंत यायला बऱ्याचदा तितकाच उशीर होतो. गाणारा जे ऐकतो त्याच्याबरोबर अगदी बरोबर गातो. पण तो ऐकतो तेच मुळात उशिरा. रेकॉर्डिंगमध्ये त्याचा आवाज जवळपास एक अख्खा चौकोन मागे पडतो. गाणी ऐकताना हा उशीर कधीच जाणवत नाही, कारण तिथे जुळवायचं असं काही नसतं.

दोष इअरफोनचा की हाताचा, हे पाच मिनिटांत तपासता येतं. ताल चालू ठेवा आणि १, ५, ९, १३ या चौकोनांवर टाळ्या वाजवत रेकॉर्ड करा. चार वेळा पट्टी फिरू द्या. मग रेकॉर्ड झालेला पट्टा मोठा करून पाहा. प्रत्येक टाळीच्या जागी एक उंच रेघ दिसेल. सगळ्या रेघा उभ्या ओळींपासून सारख्याच अंतराने मागे असतील, तर उशीर यंत्राचा आहे. काही पुढे, काही मागे असतील, तर हाताला सराव हवा.

उपाय सोपा आहे. रेकॉर्ड करताना वायरवाला साधा इअरफोन लावा. स्पीकरवर ताल वाजवत गाऊ नका, कारण तो ताल माइकमधून गाण्यात पुन्हा शिरतो. वायर लावूनही थोडा उशीर राहिला, तर रेकॉर्ड झालेला अख्खा पट्टा बोटाने डावीकडे सरकवा. तो आपोआप ओळीला चिकटत असेल तर आधी ती सोय बंद करा, म्हणजे हवा तेवढाच सरकेल. फोनच्या स्पीकरवर जाड आवाज नीट ऐकू येत नाहीत, म्हणून दुमचा आवाज किती ठेवायचा तेही इअरफोनवरच ठरवा. नाहीतर फोनवर कमी वाटतो म्हणून मुलं तो वाढवतात आणि मोठ्या स्पीकरवर सगळं फाटल्यासारखं वाजतं.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न येतोच. वाद्यांबाबत उलेमांची मतं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येक घर आपापल्या मताने चालतं. त्यावर आम्ही इथे काही ठरवणार नाही. एवढंच सांगतो की, या अॅपमध्ये काय वाजवायचं ते तुमच्या हातात आहे. फक्त दफ चालत असेल तर तेवढंच ठेवा. तेही नको असेल तर मुलाने तोंडाने 'दुम' आणि 'तक' म्हणून रेकॉर्ड करावं. बँडलॅबमध्ये 'Sampler' आहे. त्यात माइकवरून घेतलेला आवाज बटणावर बसवता येतो. मग सगळा ताल माणसाच्याच आवाजात तयार होतो. बिनवाद्याच्या कितीतरी नशीद अशाच बनतात.

शेवटी दोन गोष्टींकडे घरच्यांनी लक्ष द्यावं. सिनेमातल्या गाण्याचा किंवा दुसऱ्याच्या नातचा तुकडा कापून आपल्या तालात घालू नये. यूट्यूबवर टाकताच हक्काचा दावा येऊ शकतो. दुसरं, बँडलॅब हे अनोळखी लोकांना जोडणारं व्यासपीठही आहे. 'Publish' दाबण्याआधी गाणं कोणाला दिसणार हे मुलाबरोबर बसून पाहा.

त्या मुलाने पुढे काय केलं? अब्बूंच्या जुन्या फोनबरोबर आलेला वायरचा इअरफोन कपाटात पडून होता. तो लावून त्याने तीच हम्द पुन्हा गायली. या वेळी आवाज तालावर आला.