मिठाच्या पाण्यातले मूग आणि एक फसवी सरासरी

‘साध्या पाण्यात मुगाची उगवण ८६ टक्के, १०० मिलिमोलर मिठाच्या पाण्यात ६८ टक्के.’ महाविद्यालयीन प्रकल्पांत असे वाक्य नेहमी आढळते. वाचणाऱ्याला वाटते, मिठाने उगवण १८ टक्क्यांनी घटवली, विषय संपला. पण हा आकडा कसा तयार झाला ते अहवालात नसेल, तर त्या वाक्यावरून जवळजवळ काहीच कळत नाही. सांगली-कोल्हापूरच्या क्षारपड जमिनीपासून कोकणातल्या खार जमिनीपर्यंत मिठात बी कसे रुजते हा खरा प्रश्न आहे. म्हणून त्यावरचा छोटा प्रयोगही नीट लिहिला गेला पाहिजे.

प्रयोग साधा आहे. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पेट्री डिशमध्ये फिल्टर पेपर घालायचा, त्यावर २५ मूग मांडायचे आणि मोजून द्रावण ओतायचे. १०० मिलिमोलर द्रावणासाठी ५.८४ ग्रॅम सोडियम क्लोराइड पाण्यात विरघळवून एकूण द्रावण एक लिटर करतात. मीठ प्रयोगशाळेतले शुद्ध घ्यावे, कारण स्वयंपाकघरातल्या मिठात आयोडीन आणि ते मोकळे राहण्यासाठी मिसळलेले पदार्थ असतात. मूळ किमान दोन मिलिमीटर बाहेर आले की बी रुजले असे धरतात. ही मर्यादा आधी ठरवून लिहून ठेवायला हवी. नाहीतर पहिल्या दिवशी टरफल फुटलेलेही मोजले जाते आणि पाचव्या दिवशी फक्त लांब मूळ असलेले.

आता आपले उदाहरण उलगडून पाहू. समजा, मूग दोन ठिकाणांहून आले. एक लॉट यंदाच्या पिकाचा, दुसरा घरात दोन वर्षे डब्यात राहिलेला. प्रत्येक लॉटच्या चार डिश पाण्यात आणि चार मिठात ठेवल्या. नव्या लॉटचे पाण्यात २४, २५, २३, २४ मूग रुजले, मिठात २२, २१, २३, २२. जुन्या लॉटचे पाण्यात १९, २०, १७, २० आणि मिठात १२, ९, १६, ११. म्हणजे नवा लॉट ९६ टक्क्यांवरून ८८ वर आला, जुना मात्र ७६ वरून थेट ४८ वर. दोघांची सरासरी काढली की सुरुवातीचे ८६ आणि ६८ मिळतात. गणित बिनचूक आहे, पण ६८ टक्के हे कोणत्याच मुगाचे वागणे नाही. नव्या मुगाने मीठ बऱ्यापैकी सोसले, जुन्याने सोसले नाही. या प्रयोगाने शिकवलेली मुख्य गोष्ट हीच, आणि सरासरीने नेमकी तीच पुसली.

याहून वाईट प्रकार म्हणजे नवे मूग पाण्याच्या डिशमध्ये संपले आणि मिठासाठी जुने उरले, असे होणे. तेव्हा ९६ विरुद्ध ४८ अशी भयंकर घट दिसते. त्यातले २० टक्के जुन्या लॉटच्या अशक्तपणाचे आहेत, उरलेल्यातही त्याच अशक्तपणाचा हात आहे, आणि दोष सगळा मिठाच्या माथी जातो. एकदा असे झाले की नंतर कोणतेही संख्याशास्त्र हा गुंता सोडवू शकत नाही. म्हणून प्रत्येक लॉट प्रत्येक द्रावणात गेलाच पाहिजे. बी कमीच असेल तर सगळे लॉट आधी नीट मिसळून मग वाटावेत. तेही चालते, फक्त ‘मिश्र बियाणे वापरले’ असे स्पष्ट लिहावे.

जुन्या लॉटच्या मिठातल्या चार डिशमध्ये ९ पासून १६ पर्यंत फरक आहे. नवशिक्याला तो पाहून धास्ती वाटते आणि ९ ची डिश गाळावीशी वाटते. पण २५ पैकी सुमारे निम्मे बी रुजणार असेल, तर नुसत्या योगायोगाने डिशागणिक दोन-तीन बियांचा चढउतार होतोच, आणि चार डिशमधल्या सर्वांत कमी व सर्वांत जास्त आकड्यांत पाच-सहाचे, कधी त्याहून थोडे अधिक अंतर पडते. त्यामुळे ही डिश ठेवायचीच. एखाद्या डिशमध्ये तीनच बिया रुजल्या असत्या, तर मात्र कारण शोधावे लागले असते: बुरशी आली का, झाकण सरकले होते का, कागद सुकला का.

सुकणे हा या प्रयोगातला सर्वांत लबाड शत्रू आहे. पाणी उडून जाते, मीठ उडत नाही. डिशमधले निम्मे पाणी गेले तर १०० मिलिमोलरचे २०० होते आणि अहवालात मात्र १०० च राहते. उपाय सोपा आहे. डिश झाकणासह पहिल्या दिवशी वजन करून ठेवावी, रोज पुन्हा वजन करावे आणि जितके ग्रॅम घटले तितके मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घालावे. मिठाचे द्रावण घालू नये, त्याने मीठ साठतच जाते.

मुगात आणखी एक अडचण असते, ती घरोघरी ठाऊक आहे: गणंग दाणे. उसळीसाठी मूग भिजवले तरी काही दाणे कडकच राहतात, कारण त्यांच्या टरफलातून पाणी आत शिरत नाही. हे दाणे साध्या पाण्यातही रुजले नसते. मिठाच्या डिशमधले असे दाणे ‘मिठाने रोखलेले’ म्हणून मोजले की निष्कर्ष खोटा ठरतो. शेवटच्या दिवशी न फुगलेल्या दाण्याला डोळ्याच्या विरुद्ध बाजूने ब्लेडने बारीक चीर देऊन तो साध्या पाण्यात ठेवावा. फुगला तर तो गणंग होता. आंतरराष्ट्रीय बियाणे-चाचणीतही असे कडक बी वेगळ्या रकान्यात नोंदवतात. फुगूनही न रुजलेले दाणे धुऊन साध्या पाण्यात ठेवले आणि ते रुजले, तर मिठाने त्यांना मारले नव्हते, फक्त पाणी ओढू न देता थांबवले होते. हा फरक लिहिण्याजोगा आहे.

राहिला प्रश्न ‘किती नमुने’ हा. चार डिशमध्ये शंभर बिया होत्या म्हणून ‘नमुना १००’ लिहिणे चूक. एका डिशमधल्या बिया एकच द्रावण आणि एकच ऊब वाटून घेतात, त्यामुळे मोजायच्या त्या डिश. अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली अशा आभासी पुनरावृत्तीवर लेख लिहून अनेक प्रसिद्ध अभ्यासांतली ही चूक दाखवून दिली होती. एक पायरी वर तोच नियम लॉटला लागू होतो. एकाच लॉटच्या चार काय, चाळीस डिश मांडल्या तरी त्या त्याच डब्याबद्दल बोलतात. पुढचे पोते कसे वागेल ते सांगायला आणखी लॉट लागतात. आपल्या उदाहरणात लॉट दोनच आहेत, म्हणून ‘जुना मूग मिठाला नाजूक असतो’ असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. ‘आमच्या जुन्या लॉटने मिठात अधिक मार खाल्ला’ एवढेच म्हणता येते.

तेव्हा निकाल असा लिहावा: ‘दोन लॉट, प्रत्येक लॉट व द्रावणासाठी २५ बियांच्या चार डिश, डिशची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवली. १०० मिलिमोलरला नव्या लॉटची उगवण ९६ वरून ८८ टक्के, जुन्याची ७६ वरून ४८ टक्के झाली. गणंग दाणे वेगळे मोजले.’ खाली डिशवार आकड्यांचा तक्ता द्यावा आणि गाळलेली डिश असेल तर तिचे कारण. डिशमधल्या निव्वळ सोडियम क्लोराइडवरून शेताबद्दल काही म्हणू नये, कारण शेतात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सल्फेटही असतात आणि रुजलेले रोप पुढे मिठाने करपू शकते. असा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि तपासणाऱ्या शिक्षकांना एकच विनंती: सरासरी कितीही सुबक असली, तरी डिशवार तक्ता जोडल्याशिवाय अहवाल देऊ नका आणि स्वीकारूही नका.