आधी कोण: १२ की १२१?

१, १२१, १२, ०, ९० आणि ९ या सहा संख्या एकापुढे एक चिकटवून लिहायच्या आहेत. एकही संख्या मोडायची नाही आणि एकही वगळायची नाही. तयार होणारी संख्या मात्र जास्तीत जास्त मोठी हवी. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखतींत हा प्रश्न बऱ्याचदा विचारला जातो. तो सोडवायला शाळेतलं गणित पुरतं, तरी पहिल्या झटक्यात सुचलेलं उत्तर बहुधा चुकतं.

मोठी संख्या आधी लिहिली, तर १२१, ९०, १२, ९, १, ० असा क्रम लागतो आणि १२१९०१२९१० तयार होते. सुरुवातीलाच ९ ऐवजी १ आला, म्हणजे डाव गेला. मग लक्षात येतं की संख्येच्या आकाराला इथे किंमत नाही, डावीकडचे अंक महत्त्वाचे. म्हणून शब्दकोशातल्यासारखा क्रम उलटा लावून पाहावा. त्यात ९० हे ९ च्या पुढे जातं, कारण सुरुवात सारखी असेल तर लांब शब्द नंतर येतो आणि आपण क्रम उलटा केलेला आहे. उत्तर येतं ९०९१२११२१०. पण ९ आधी आणि ९० नंतर लिहिलं असतं, तर सुरुवात ९९० अशी झाली असती. म्हणजे हेही चुकलं.

खरी अडचण अशाच जोड्यांत आहे, जिथे एक संख्या दुसरीच्या सुरुवातीलाच दडलेली असते. लहान संख्या लांबवून दोन्हींची लांबी सारखी करावी, असं इथे अनेकांना सुचतं. शून्यं जोडली तर ९ चे ९० होतात आणि ९ व ९० यांत फरकच उरत नाही. शेवटचा अंक पुन्हा लिहिला, तर १३ आणि १३२ ही जोडी फसवते. १३ चे १३३ झाले, ते १३२ पेक्षा मोठे, म्हणून १३ आधी ठेवलं तर १३१३२ मिळतात. उलट ठेवलं तर १३२१३, आणि हेच मोठे.

मग अंदाज कशाला बांधायचा? दोन्ही क्रम लिहून पाहावेत. अ आणि ब या दोन संख्यांसाठी ‘अब’ आणि ‘बअ’ जोडून बघायचं आणि ज्या जोडणीत मोठी संख्या मिळेल, तिच्यात पुढे असलेल्याला पुढची जागा द्यायची. १२ आणि १२१ यांचं पाहा: १२१२१ विरुद्ध १२११२. पहिली मोठी, म्हणून १२ आधी. दोन्ही जोडण्यांची लांबी नेहमी सारखीच असते, त्यामुळे संगणकाने त्यांना आकडे न मानता अक्षरांची ओळ, म्हणजे स्ट्रिंग, मानून डावीकडून एकेक अंक ताडला तरी निकाल तोच येतो. त्याचा मोठा फायदा आहे. दहा-दहा अंकी दोन संख्या जोडल्या की वीस अंक होतात, आणि ६४ बिटांच्या पूर्णांकात एवढी संख्या मावत नाही. स्ट्रिंगला ती मर्यादा नाही.

‘या दोघांत आधी कोण’ एवढंच सांगणाऱ्या अशा छोट्या नियमाला प्रोग्रामर कम्पॅरेटर म्हणतात. तो सॉर्टिंगच्या हाती दिला की बाकीची मांडणी आपोआप होते. पायथॉनमध्ये ते असं लिहिता येईल:

```python
from functools import cmp_to_key

def tulana(a, b):
    if a + b > b + a:
        return -1
    if a + b < b + a:
        return 1
    return 0

def sarvat_mothi(sankhya):
    s = [str(n) for n in sankhya]
    s.sort(key=cmp_to_key(tulana))
    if s[0] == "0":
        return "0"
    return "".join(s)
```

आपल्या सहा संख्यांचा क्रम ९, ९०, १२, १२१, १, ० असा लागतो आणि उत्तर येतं ९९०१२१२११०.

पण जोडीजोडीने न्याय केला म्हणून सगळी रांग बरोबर लागेल, हे कशावरून? अर्धं उत्तर सोपं आहे. रांगेत शेजारी असलेल्या दोघांची अदलाबदल केली, तर त्यांच्या आधीचे आणि नंतरचे अंक जागचे हलत नाहीत. म्हणून ज्या रांगेत एखादी शेजारची जोडी उलटी लागली आहे, ती रांग सर्वांत मोठी असूच शकत नाही. राहिलेला अर्धा भाग मला या प्रश्नातला सर्वांत सुंदर वाटतो. अ ब च्या आधी, ब क च्या आधी, आणि क पुन्हा अ च्या आधी, असं चक्र निघालं तर सॉर्टिंगला अर्थच राहणार नाही. ते का निघत नाही?

१२ नंतर १२१ लिहिणं म्हणजे १२ × १००० + १२१. उलट क्रमात १२१ × १०० + १२. पहिली संख्या मोठी असण्याची अट नीट मांडली, तर १२ × ९९९ हे १२१ × ९९ पेक्षा मोठं हवं, म्हणजेच १२/९९ हे १२१/९९९ पेक्षा मोठं हवं. हे अपूर्णांक शाळेत भेटलेले असतात. १२/९९ म्हणजे ०.१२१२१२…, आणि १२१/९९९ म्हणजे ०.१२११२१… हे त्यांचं अखंड आवर्ती दशांश रूप. म्हणजे प्रत्येक संख्येला तिची स्वतःची एक ठरलेली किंमत आहे: ती संख्या पुन्हा पुन्हा लिहीत गेल्यावर मिळणारा दशांश. कम्पॅरेटर नकळत याच किमती ताडत असतो. किमती एका सरळ रेषेवर बसतात, म्हणून चक्र शक्य नाही. १३ आणि १३२ यांचा गुंताही इथेच सुटतो: १३ पुढे वाढवायचेच असतील तर १३१३ असे वाढवायला हवेत, १३३ असे नव्हे. १२ आणि १२१२ यांची किंमत सारखीच, त्यामुळे त्यांतलं कोणीही आधी आलं तरी उत्तर बदलत नाही.

शून्याची किंमत शून्य, सर्वांत कमी. त्यामुळे ते नेहमी रांगेच्या शेवटी जातं आणि तिथे उपयोगीच पडतं. पण यादीत फक्त शून्यंच असली, उदाहरणार्थ ०, ०, ०, तर जोडणी ‘०००’ अशी निघते. संख्या म्हणून ती ० आहे, आणि उत्तरही ‘०’ असंच हवं. त्यासाठी सगळी यादी तपासत बसावं लागत नाही. क्रम लावल्यावर पहिल्याच जागी शून्य असेल, तर त्याच्या मागे त्याहून मोठं कोणी असणं शक्य नाही, म्हणजे सगळी शून्यंच. कोडमधली `s[0] == "0"` ही ओळ एवढ्याचसाठी आहे.

काहीजण त्याऐवजी `str(int(...))` वापरून पुढची शून्यं घालवतात. लहान यादीसाठी ते चालतं. पण पायथॉन ३.११ पासून ४३०० पेक्षा जास्त अंकांची स्ट्रिंग पूर्णांकात बदलायला गेलं की मूळ मर्यादेनुसार `ValueError` येतो, आणि लांब याद्यांचं उत्तर ही मर्यादा सहज ओलांडतं.

सी++ मध्ये लिहिणाऱ्यांनी शून्यांची लांबलचक यादी मुद्दाम देऊन पाहावी. `std::sort` ला दिलेल्या कम्पॅरेटरने ‘पहिला नक्कीच आधी’ असेल तेव्हाच होकार द्यायचा असतो. तिथे `a + b > b + a` ऐवजी `>=` लिहिलं, तर सारख्या किमतीचे दोघेही ‘मी आधी’ म्हणतात आणि सॉर्टिंगचा मूळ करार मोडतो. वेगवेगळ्या संख्यांवर ही चूक दिसत नाही. वीस-पंचवीस शून्यं दिली, की सॉर्टिंग यादीच्या हद्दीबाहेरची मेमरी वाचू लागून प्रोग्राम मध्येच कोसळू शकतो.