हाऊसफुल्ल दिवाळी पहाटेचा तोटा

तिकीट लावून केलेली दिवाळी पहाट तोट्यात गेली की दोष प्रेक्षकांवर जातो: लोक हल्ली येत नाहीत, आले तरी सन्मानिका मागतात. पण पुष्कळदा हा तोटा तिकिटाचा दर ठरला त्याच बैठकीत ठरून गेलेला असतो. एकूण खर्चाला खुर्च्यांनी भागायचे आणि वर थोडी भर घालून दर लावायचा, ही रूढ रीत त्याच्या मुळाशी आहे. या भागाकारात प्रत्येक खुर्ची विकली जाईल आणि तिकिटावर छापलेला प्रत्येक रुपया संस्थेच्या हाती येईल असे गृहीत धरलेले असते. दोन्ही गोष्टी घडत नाहीत.

आठशे खुर्च्यांच्या नाट्यगृहाचा एक काल्पनिक हिशेब मांडू. भाडे, वीज आणि सफाई मिळून 40,000 रुपये (परत मिळणारी अनामत यात धरायची नाही), ध्वनी-प्रकाशाचे 35,000, गायक, वादक आणि निवेदकाचे मानधन 2,00,000, फ्लेक्स, तिकिटे, पत्रके आणि जाहिरातीचे 25,000. एकूण तीन लाख. मानधनाचा आकडा लिहिताना एक काळजी घ्यायला हवी. मुख्य गायकाने 90,000 ‘हातात’ मागितले आणि संस्थेला करकपात लागू असेल, तर दहा टक्के टीडीएस धरून खर्च एक लाख होतो. आता तीन लाख भागिले आठशे म्हणजे 375, म्हणून तिकीट 400 ठेवले. फराळ-चहाला माणशी 40 रुपये लागतात. निम्मी तिकिटे ऑनलाइन विकली आणि तिथे दहा टक्के वटणावळ गेली, तर सरासरी 20 रुपये आणखी वजा. एका तिकिटामागे उरले 340. ऐंशी सन्मानिका दिल्या तर विकायला उरतात 720 खुर्च्या, आणि सन्मानिकेवर आलेला पाहुणाही फराळ घेतो, त्याचे 3,200 रुपये मूळ खर्चात वाढतात. खर्च भरून निघायला 892 तिकिटे खपायला हवीत. दारावर ‘हाऊसफुल्ल’ची पाटी लागूनही 58,400 रुपयांचा तोटा होईल.

म्हणून हिशेब उलट्या टोकाने सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे. आधी किती लोक खात्रीने येतील ते ठरवावे. विकाऊ खुर्च्यांपैकी साठ टक्के, म्हणजे इथे 432, हा सावध आकडा समजू. तिकीट 500 ठेवले तर वटणावळ आणि फराळ जाऊन 435 उरतात आणि जमा होते 1,87,920. खर्चाला 1,15,280 कमी पडतात. नाट्यगृहाची तारीख पक्की करण्याआधी ही रक्कम समोर असली, की बैठकीतली चर्चाच बदलते. एवढा प्रायोजक आहे का? नसेल तर कलाकार ठरावीक रक्कम कमी घेऊन विक्रीत वाटा घेतील का? प्रायोजक आला, पण बदल्यात पुढच्या दोन रांगा घेऊन गेला, तर त्याच्या धनादेशातून त्या खुर्च्यांची किंमत वजा करावी लागते, कारण बहुधा त्याच आधी विकल्या गेल्या असत्या.

दर वाढवला तर लोक येणार नाहीत, हा आक्षेप खरा आहे, पण तो मोजता येतो. चारशेचे पाचशे केले तर तिकिटामागे 340 ऐवजी 435 उरतात, म्हणजे शंभरातले एकवीस जण गळाले तरी हाती येणारी रक्कम घटत नाही. पाचशेच्या वर मात्र गणित फिरते. प्रवेशशुल्क माणशी 500 रुपयांपर्यंत असेल तर गायन, नृत्य, नाटक यांना जीएसटी माफ आहे. त्यापुढे 18 टक्के लागतो. जीएसटी भरणाऱ्या संस्थेने करासह 600 लावले तर कर जाऊन 508 राहतात. शंभर रुपयांची नाराजी ओढवून घेऊन आठ रुपये मिळवण्यात अर्थ नाही. संस्था नफ्यासाठी नाही, तिने असा हिशेब का करावा, असेही विचारले जाते. तोटा सोसायचा निर्णय संस्थेने जरूर घ्यावा, पण किती सोसायचा हे आधी ठरवून, निधीतून तेवढी रक्कम बाजूला काढून.

छपाईचा आकडा सगळ्यांत लहान, पण त्याचे पैसे लवकर जातात आणि कार्यक्रम रद्द झाला तरी परत येत नाहीत. शिवाय तिला स्वतःची परीक्षा लावता येते: 25,000 भागिले 435, म्हणजे या छपाईने एरवी न आलेली 58 माणसे आणायला हवीत. पाच हजारांचा जादा फ्लेक्स निदान बारा तिकिटे खपवणार असेल तरच लावावा. आणि छापखान्यात मजकूर जाण्याआधी प्रायोजकाचा शब्द लेखी आलेला नसेल, तर तिथेच थांबून कार्यक्रम लहान सभागृहात आणि कमी वादकांत बसवता येतो. तिकिटांवर नाट्यगृहाचे नाव छापले गेले की तो मार्ग बंद होतो.