स्वप्न पडलं, पण सांगायचं कुणाला?

एक बदाऊनी अरब पैगंबर मुहंमदांकडे आला. स्वप्नात आपलं डोकं धडावेगळं झालं, ते घरंगळत निघालं आणि आपण त्याच्या मागे धावत सुटलो, असं त्यानं सांगितलं. याचा अर्थ लावण्याच्या फंदात पैगंबर पडलेच नाहीत. सैतान झोपेत तुझी थट्टा करतो, ती लोकांना सांगत फिरू नकोस, एवढंच ते म्हणाले. ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात हा प्रसंग येतो.

याच संग्रहातल्या एका हदीसमध्ये स्वप्नांचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिलं चांगलं, खरं स्वप्न. ती अल्लाहकडून मिळालेली शुभवार्ता. दुसरं दुःख देणारं, घाबरवणारं. ते सैतानाकडून येतं. तिसरं म्हणजे माणसाचं स्वतःशीच चाललेलं बोलणं. मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे आपल्याकडेही म्हणतातच. दिवसभर दुकानाच्या उधारीचा घोर लागलेल्याला रात्री वही दिसली, तर त्यात अर्थ शोधायचं कारण नाही.

वाईट स्वप्नाचा उतारा मात्र बारकाईनं सांगितलेला आहे. जाग येताच डाव्या बाजूला तीनदा, फुंकल्यासारखं हलकं थुंकायचं, सैतानापासून अल्लाहचा आश्रय मागायचा आणि कूस बदलायची. वाटलं तर उठून नमाज पढायची. स्वप्न कुणापाशी बोलायचं नाही. अबू सलमा नावाच्या विद्वानाला स्वप्नांच्या धसक्यानं दुखणंच यायचं. अबू कतादा या सहाबींकडून, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्याकडून, हा उपाय कळल्यावर त्यानं स्वप्नांची फिकीर सोडली. धसका घेतलेल्या माणसाच्या हाताला काम आणि तोंडाला कुलूप, अशी ही योजना दिसते.

चांगलं स्वप्न सांगायला हरकत नाही, पण तेही आपल्यावर माया करणाऱ्यालाच. कुराणात याकूब आपल्या मुलाला, यूसुफला, त्याचं स्वप्न भावांपासून लपवायला सांगतात ते त्यांच्या मत्सराच्या भीतीनं.

खऱ्या स्वप्नाचंही वजन किती, याला मर्यादा आहे. अजानचे शब्द अब्दुल्लाह इब्न झैद यांना स्वप्नात ऐकू आले, असं परंपरा मानते. पण पैगंबरांनी मान्यता दिली म्हणून ते रूढ झाले. त्यांच्यानंतर अशी मोहोर उठवणारं कुणी उरलं नाही. नोव्हेंबर 1979 मध्ये मक्केच्या मोठ्या मशिदीवर सशस्त्र टोळीनं ताबा मिळवला, तेव्हा मुहंमद अल-कहतानी हाच महदी, म्हणजे अखेरच्या काळातला तारणहार, असा त्यांचा दावा होता. त्यासाठी ते अनेकांना पडलेल्या स्वप्नांचाही दाखला देत होते. कहतानी त्या वेढ्यातच मारला गेला.

तेराव्या शतकातल्या इमाम नववींनी ही सीमा आधीच आखली होती. शाबान महिन्याच्या तिसाव्या रात्री चंद्र दिसला नाही, पण स्वप्नात खुद्द पैगंबर येऊन ‘उद्या रमजान’ म्हणाले, तरी त्या आधारावर रोजा सुरू होत नाही, असं त्यांनी लिहिलं. झोपेत ऐकलेल्याची साक्ष धरता येत नाही, हे त्यांचं कारण.