झटके गावातच का येतात?

सुट्टीत पुणे-मुंबईहून गावी आलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलं 'झटके येतात' म्हणून आमच्याकडे आणली जातात. त्यातलीच एक मुलगी. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. 2012-13च्या दुष्काळात आई-वडील परंडा तालुक्यातून हडपसरला गेले. तेव्हा ती तीन वर्षांची होती. आता अकरावीला आहे.

यात्रेला गावी आल्यावर पाहुणे तिला बघून गेले. त्याच रात्री पहिला झटका आला, मग रोजच. आजी म्हणाली, 'बाहेरचं आहे.' देवऋषी झाला, नंतर कुणीतरी आकडीच्या गोळ्या सुरू केल्या.

मी मोबाईलवर काढलेला झटक्याचा व्हिडिओ मागितला. निदानाला त्याचा फार उपयोग होतो. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते, डोकं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हलत होतं आणि हातपाय थांबून थांबून दहा मिनिटं झाडले जात होते. मोठ्या आकडीत डोळे बहुधा उघडे असतात, झटका साधारण दोन-तीन मिनिटांत थांबतो, जिभेची कड चावली जाते आणि नंतर माणूस बराच वेळ गुंगीत राहतो. हिचे झटके झोपेत किंवा एकटी असताना कधीच आले नव्हते, पुण्यात तर एकदाही नाही. मेंदूचा आलेखही नॉर्मल होता. मात्र आलेख नॉर्मल आला म्हणजे आकडी नाहीच, असं नसतं आणि काहींना दोन्ही असतं. म्हणून गोळ्या एकदम न थांबवता हळूहळू कमी केल्या.

हे नाटक नव्हे. मनावरचा ताण शरीरातून बाहेर पडतो, त्यावर तिचा ताबा नसतो.

आईला बाहेर बसवून तिच्याशी बोललो. कॉलेजात मैत्रिणी तिच्या बोलण्याला हसतात, गावात चुलत्या तिच्या कपड्यांना नावं ठेवतात. वडील रखवालदार, रात्रपाळीला. शेजारी कुणी नात्यातलं नाही, म्हणून 'पोरगी लवकर उजवलेली बरी' हा त्यांचा धोसरा. त्यांची भीती खोटी नव्हती. पण त्यांच्या मनातलं गाव तेरा वर्षांपूर्वीचंच राहिलं होतं. इकडे तिची चुलत बहीण नर्सिंगला आहे, स्कूटीवर जाते!

हे मी सांगून पटलं नसतं. म्हणून थोरल्या चुलत्यांना बोलावलं. ते भावाला म्हणाले, "आमच्या पोरी शिकतात, आन् तू पुण्यात राहून हिचं लगीन लावतोस व्हय?" अठराच्या आत लग्न बेकायदा आहे, तेही सांगितलं. बोलणी थांबली. महिन्याभरात झटके दोनवर आले. फोन मात्र अजून रात्री आठला वडिलांकडे जमा होतो, त्यावरून रुसवे आहेतच.

असा झटका आल्यावर कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, गर्दी हटवा, घड्याळ बघा. पहिलाच झटका असेल किंवा पाच मिनिटांत थांबला नाही, तर दवाखान्यात आणा. मुलांशी स्वतंत्र बोलण्यासाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' असतं. पुण्याला परतल्यावर 14416 या 'टेलिमानस'च्या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.